तिसरी चिठ्ठी

बैठक नीट व्हावी म्हणून बाईंनी एक काम आदल्या दिवशीच उरकलं होतं. त्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "सर, उद्या तुम्ही सगळ्यांच्या शेवटी बोला. तुम्ही आधी बोललात की बाकीच्यांना बोलायला काही उरत नाही."

मोठे डॉक्टर खळखळून हसले. "बाई, या वयात मला पुन्हा शाळेत घालताय की काय? बरं, हाताची घडी, तोंडावर बोट!"

बाई नर्सिंग कॉलेजात शिकवत. इस्पितळातल्या निम्म्या सिस्टर त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. म्हणूनच अवघड बैठक निघाली की चालवायला त्यांना बोलावत. या वेळचा प्रश्न होता नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचा. जुना वॉर्ड सोडून नव्या मजल्यावर जायचं, ते सोमवारीच, की थोडं थांबून?

दुसऱ्या दिवशी टेबलाभोवती पाच जण बसले. बाईंच्या डावीकडे मेट्रन, पुढे ऑक्सिजनची पाइपलाइन बघणारे इंजिनिअर, मग सगळे जिला 'धाकटी' म्हणत ती सहायक डॉक्टर, मग वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर. टोकाच्या खुर्चीत मोठे डॉक्टर.

"मी शेवटीच बोलणार आहे," त्यांनी सुरुवात केली. "फक्त एवढंच सांगतो..."

आणि ते 'एवढंच' चहा निवून त्यावर साय धरेपर्यंत चाललं. बोलणं खोटं नव्हतं. जुन्या वॉर्डात ऊब देणाऱ्या एकेका वॉर्मरखाली दोन-दोन बाळं ठेवावी लागत. एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला होई. गेल्या महिन्यात एक बाळ त्यातच गेलं होतं आणि त्याच्या आईला ते सांगायला मोठे डॉक्टर स्वतः गेले होते. "आणखी एक दिवस थांबायचं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवू नये," ते म्हणाले. "आता बोला. मोकळेपणाने बोला."

"सर म्हणाले तेच," मेट्रन म्हणाल्या.

"माझंही तेच," इंजिनिअर म्हणाले.

धाकटीने मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच हलली होती, ते बाईंना कळेना. सिस्टर कपातल्या सायीकडे बघत राहिल्या.

अशी शांतता बाईंना वर्गातून ओळखीची होती. "कुणाला काही शंका?" असं विचारलं की वर्ग दगड होतो. तेव्हा प्रश्नच बदलावा लागतो. त्यांनी कोऱ्या चिठ्ठ्या आणि एकसारखी पेनं वाटली.

"समजा, स्थलांतर होऊन महिना झालाय," त्या म्हणाल्या. "आणि नव्या वॉर्डात काहीतरी भयंकर घडलंय. काय घडलं, ते लिहा. नाव नको. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून छापील अक्षरं काढा."

"अभद्र!" मोठे डॉक्टर पुटपुटले. आपली चिठ्ठी त्यांनी न लिहिताच बाजूला सरकवली.

बाकीचे मात्र माना खाली घालून बसले. धाकटीचं पेन सर्वांत उशिरा थांबलं. बाई उठल्या, डावीकडून एकेक चिठ्ठी गोळा करत फिरल्या आणि जागेवर येऊन वाचू लागल्या.

"पहिली. लिफ्ट बंद पडली. बाळाला खाली एक्स-रेला नेता आलं नाही."

"दुसरी." ती कोरी होती.

"तिसरी. सगळ्या खाटांना एकदम ऑक्सिजन लागला आणि शेवटच्या दोन खाटांना दाब पुरला नाही. चाचणी एकेका खाटेचा पॉइंट उघडून झाली होती. सगळे एकदम उघडून कुणी बघितलंच नाही."

मोठ्या डॉक्टरांनी बोट उचललं आणि टेबलावरून हवेत हळूहळू फिरवलं.

"पहिली," ते म्हणाले आणि बोट मेट्रनवर आलं. "दुसरी," इंजिनिअर. "तिसरी."

बोट धाकटीपाशी थांबलं.

बाईंच्या तेव्हा लक्षात आलं. चिठ्ठ्या मिसळायच्या राहिल्या होत्या. बसल्या क्रमाने उचलल्या, त्याच क्रमाने वाचल्या. दहा वर्षांच्या मुलांच्या वर्गातसुद्धा कुणी अशी चूक करणार नाही.

"तू लिहिलंस?" मोठ्या डॉक्टरांचा आवाज मऊ होता. तेच वाईट होतं. धाकटीची नेमणूक वर्षावर्षाची होती. पुढच्या महिन्यात त्यावर त्यांचीच सही व्हायची होती.

"नाही, सर," धाकटी म्हणाली.

"ती माझी समजा, सर," बाई घाईने म्हणाल्या.

"तुम्ही कुठे लिहिलीत? तुम्ही वाटत होतात." ते टेकून बसले. "चला, झालं. लिहा बाई, सर्वानुमते सोमवारी स्थलांतर."

बाईंनी पेन उचललं. चार चेहरे टेबलाकडे वळलेले. आता ही सगळी मंडळी हे विसरून जायला तयार होती. धाकटी तर सगळ्यांत आधी.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सर्वानुमते लिहिता येणार नाही, सर. मत कुणी दिलेलंच नाही." आणि त्या इंजिनिअरकडे वळल्या. "मी तुम्हाला तुमचं मत विचारत नाही. घडलेलं विचारते. सगळे पॉइंट एकदम उघडून चाचणी झाली का? झाली की नाही?"

इंजिनिअरांनी मोठ्या डॉक्टरांकडे पाहिलं. बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला नाही. नुसत्या थांबल्या. थांबणं हेच त्या खोलीत सर्वांत जड काम होतं.

"कंत्राटदाराने..." इंजिनिअर म्हणाले. "नाही. एकदम नाही झाली."

"त्याची गरजच काय? सगळ्या खाटांना एकाच वेळी कधी लागतो?" मोठे डॉक्टर कडाडले.

"लागतो, सर," सिस्टर म्हणाल्या. बैठकीतला त्यांचा हा पहिला शब्द. "जुन्या वॉर्डात लागलाय. चाचणी झाल्याशिवाय शेवटच्या दोन खाटांवर मी बाळ घेणार नाही."

मोठे डॉक्टर उठले. खुर्ची भिंतीवर आदळली. "करा उद्या चाचणी. आणि थांबल्यामुळे जुन्या वॉर्डात काही झालं, तर त्या आईकडे तुम्ही जा, बाई."

बाईंनी पेन उचललं आणि लिहिलं: उद्या चाचणी.

चाचणीत सगळे पॉइंट एकदम उघडले तेव्हा शेवटच्या दोन खाटांपाशी दाबाचा काटा खाली गेला आणि अलार्म वाजू लागला. तिथवर जाणारा पाइप अरुंद पडला होता. तो बदलेपर्यंत आठवडा गेला. त्या आठवड्यात जुन्या वॉर्डात दोन बाळांना संसर्ग झाला. दोन्ही वाचली. पण बाई रोज सकाळी कॉलेजात जाण्याआधी वॉर्डाच्या काचेपाशी उभ्या राहत.

चिठ्ठीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. मोठे डॉक्टर जिन्यात भेटले की मान डोलावत, बोलत नसत. पुढच्या महिन्यात मेट्रनची, इंजिनिअरांची कामं होती तशीच राहिली. धाकटीची नेमणूक तेवढी पुढे चालली नाही. कागदावर कारण काहीच नव्हतं.

बाई तिला फाटकापाशी भेटल्या. तिच्या हातात डबा होता आणि पिशवीतून स्टेथोस्कोपची नळी डोकावत होती.

"मी सरांकडे गेले होते," बाई म्हणाल्या. "सांगितलं, चूक माझी होती. ते ऐकून घ्यायला तयार नाहीत. पोरी, तुला काय तोंड दाखवू..."

"तुम्ही नसतं विचारलंत तर मी लिहिलंच नसतं, बाई," धाकटी म्हणाली. तिने स्टेथोस्कोपची नळी आत दाबली. "पण पुढच्या वेळी चिठ्ठ्या मिसळा."

आणि ती रस्ता ओलांडून गेली.