झाकलेला सेकंद

वकीलसाहेबांना घाई एवढी, की खुर्चीत टेकायच्या आधीच विचारून मोकळे झाले, "सापडली ना कंपनीची लबाडी?"

तपासनीस बाईंनी व्हिडिओ पडद्यावर लावला. व्हिडिओ तपासायच्या त्या कोंदट खोलीत वकिलांच्या मागे एक आई बसली होती आणि तिच्या शेजारी तिचा थोरला. धाकटा कारखान्यातल्या माल वाहणाऱ्या बंद पट्ट्याच्या आत शिरून साफसफाई करत होता. पट्टा सुरू झाला आणि पोर गेलं. कंपनी म्हणे, त्याचाच निष्काळजीपणा. घरचे म्हणत, मशीन आपोआप सुरू झालं. कंपनीच्या कॅमेऱ्याच्या मूळ डिस्कचे बारा वाजलेले. राहिली ती थोरल्याने रखवालदाराकडून मिळवलेली चित्रणाची फाईल. थोरलाही त्याच कारखान्यात कामाला होता ना!

"हे बघा, इथे चित्र उडी मारतंय," वकिलांनी पडद्यावर बोट ठेवलं. "कापलंय!"

"छे हो. रेकॉर्डरवर ताण आला की तो फ्रेम गाळतो. फाईल पुन्हा सेव्ह करताना त्या जागी आधीचीच फ्रेम दोनदा बसते. असं जागोजागी आहे, त्यात कुणाचं पाप नाही."

"पुन्हा सेव्ह? ती कुणी केली?"

कंपनीचंच काम निघू दे, असं बाईंनाही मनापासून वाटत होतं.

"प्रत्येक फ्रेम तंतोतंत चाळीस मिलीसेकंदांनी येते. तिथला रेकॉर्डर इतका शहाणा नाही, त्याचं थोडं मागेपुढे होतंच. म्हणजे फाईल नंतर दुसरीकडे सेव्ह झालीय. शिवाय पट्टा सुरू व्हायच्या आधीच्या सेकंदातल्या पंचवीस फ्रेमा त्याआधीही एकदा येऊन गेल्यात, त्याच क्रमाने. कॅमेरा नुसत्या भिंतीकडे बघत असला तरी चित्रातले बारीक दाणे दर फ्रेमला बदलतात. इथे ते जसेच्या तसे जुळतात. कुणीतरी शांत सेकंद उचलून दुसऱ्या सेकंदावर चिकटवलाय."

"मी म्हणत नव्हतो? कंपनीच!"

"फाईलमध्ये मोबाईलच्या ॲपची खूण आहे, वकीलसाहेब. आणि कंपनीने झाकलं असतं, तर मशीन आपोआप सुरू झाल्यासारखं दिसू दिलं असतं का? त्या चिकटवलेल्या सेकंदाखाली काय होतं, ते मात्र मला नाही सांगता येणार."

फाईल कुणी आणली ते आठवून वकिलांनी मागे पाहिलं. थोरल्याने मान खाली घातली.

"स्विच मी दाबला, आई," तो म्हणाला. "मला वाटलं, तो बाहेर आलाय."

आई त्याच्याकडे वळली. बाईंना वाटलं, आत्ता हिने किंचाळावं, मारावं, काहीतरी करावं.

"तेव्हाच सांगितलं असतंस तर पोटाशी धरलं असतं रे तुला," ती म्हणाली. "मी रोज त्या मशीनला शिव्याशाप देत होते. आणि तू शेजारी बसून हो ला हो करत होतास."

वकील घसा खाकरून म्हणाले, "अहवाल थोडा थांबवता येईल का?"

"नाही," बाई म्हणाल्या. हे बोलताना त्यांना स्वतःचा अगदी राग आला.

"लिहा तुम्ही," आई म्हणाली. "सगळं लिहा." ती उठायला लागली तसा थोरल्याने सवयीने हात पुढे केला. तिने भिंतीचा आधार घेतला.