गुजराती सूचना आणि अण्णांची पेन्सिल

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. नवरा म्हणतो, तुझ्यासमोर दूध ठेवलं तरी उतू जाईल. तर अशा माझ्या नशिबात सासरे आले ते अण्णा. पेपरातली एक बातमी वाचायला त्यांना अर्धा तास लागतो. छापखान्यात चाळीस वर्षं त्यांनी शिशाचे खिळे जुळवले, एकेक अक्षर उचलून ओळी लावल्या. हाताला लागलेली सवय डोळ्यांना लागली. शब्द असा अख्खा ते वाचतच नाहीत. अक्षर, काना, मात्रा, मग पुढचं अक्षर. लग्न होऊन चौदा वर्षं झाली, मी चौदा वर्षं चरफडतेय.

आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्यांचा एक डोळा तरुणपणीच गेला होता. उरला तो एकच, त्यातही मोतीबिंदू पिकलेला. तो बिघडला की सगळा अंधार. नवऱ्याला रजा मिळेना, म्हणून शिवणाचं दुकान बंद करून मी दोघांना घेऊन आले. दवाखाना एका गुजराती ट्रस्टचा. पेशंटच्या नातेवाइकांना राहायला दहा मिनिटांच्या अंतरावर इमारत, त्यात आम्हाला खाली एक खोली. शुक्रवारी ऑपरेशन झालं, शनिवारी संध्याकाळी सोडलं आणि जाताना औषधाच्या खिडकीतून थेंबांची शिशी दिली. "उद्यापासून सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि रात्री आठ. एकही वेळ चुकवायची नाही," डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं. मी मोबाइलला गजर लावून ठेवले.

रविवारी सकाळी आठचा थेंब घातला. नऊच्या सुमारास आई म्हणाल्या, "सूनबाई, जरा चरचरतंय गं."

"नवीन भिंग बसवलंय आई, चरचरणारच थोडं," मी म्हणाले. त्या पुन्हा आडव्या झाल्या. फार तक्रार करणारी बाई नाहीच ती.

पावणेबाराला मी शिशी, कापूस घेऊन हात धुवायला बाहेर आले, तर व्हरांड्यात आमच्या शेजारच्या खोलीतले बँकवाले काका फळ्यासमोर उभे. त्यांच्या पत्नीचंही ऑपरेशन आमच्याबरोबरच झालेलं. फळ्यावर नवा कागद चिकटवला होता, वर दवाखान्याचा शिक्का, मजकूर सगळा गुजरातीत. चिकटवणारा माणूस स्कूटरवरून केव्हाच निघून गेला होता. रविवार म्हणून खालचं ऑफिस बंद.

"थेंबांबद्दल आहे," काका म्हणाले. "सोपं असतं हो गुजराती. वरची रेघ नाही इतकंच. हे बघा, 'टीपां', म्हणजे थेंब. 'वापरवां नवीं'. नवीन थेंब वापरा. खाली 'नवी शीशी' आहेच. म्हणजे कालच दिली ती नवी शिशी वापरायची. आहे काय त्यात!"

मला पटलं. टिपं गाळणं आपणही म्हणतो, वापरणं आपलंच, शिशी आपलीच. मी वळले तर मागे अण्णा चष्मा पुसत उभे.

"थांब सूनबाई," ते म्हणाले. "मला बघू दे."

"अण्णा, बाराला थेंब घालायचाय."

"पंधरा मिनिटं आहेत ना?"

माझ्या अंगाची नुसती आग झाली. तुम्ही पंधरा मिनिटांत एक ओळ वाचाल, असं तोंडावर आलं होतं. ते गिळलं. अण्णांनी खिशातून पेन्सिल काढली आणि आईंच्या फायलीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एकेक अक्षर उतरवून त्याच्या डोक्यावर रेघ मारायला सुरुवात केली. रेघ मारली की न, म, त, प, व, र, ण आपलेच होऊन समोर येत होते. जिथे खात्री नाही तिथे ते फुली मारत होते.

"छापखान्यात खिळा कमी पडला की तिथे दुसरा उलटा लावून ठेवायचो," ते म्हणाले. "भरतीला काहीतरी दामटायचं नाही. प्रूफात उलटा दिसला की कळतं, इथे अजून भरायचंय."

"अहो, पण 'नवीं' स्पष्ट दिसतंय," काका वैतागले.

"नाही दिसत. न आहे, दीर्घ वेलांटी आहे, अनुस्वार आहे. मधलं अक्षर व नाही. खालच्या ओळीत 'नवी' आहे ना, तिथला व बघा. एका कागदावर एकच अक्षर दोन तोंडं घेऊन येत नाही."

मी निरखून पाहिलं. खरंच, दोन्ही वेगळी होती. काकांनी आणि मी ते डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं, आम्ही मनाने भरून टाकलं होतं.

अण्णांनी फाईल उलटली. वर दवाखान्याचं नाव गुजरातीत, त्याखाली इंग्रजीत. "हा शेवटचा शब्द काय गं इंग्रजीत?"

"हॉस्पिटल."

"मग गुजरातीतही तोच असणार. पि आहे, ट आहे, जुळतंय. म्हणजे पहिलं अक्षर हो, शेवटचं ल." त्यांनी ह वर बोट ठेवलं, तेच बोट कागदावर नेलं आणि फुलीच्या जागी ह लिहिला. नहीं. वापरवां नहीं.

माझ्या हातातली शिशी मला एकदम जड वाटली.

"पण हे थेंब कुठले? दुसरेच असतील," काका म्हणाले. आता त्यांचा आवाज तेवढा चढा नव्हता.

"पुढे नंबर आहे." ब त्यांना 'नंबर' या शब्दातूनच मिळाला होता. मी शिशी डोळ्यांजवळ नेली, तशी अण्णा जोरात म्हणाले, "सांगू नकोस! शिशीवरचा आकडा मला आधी सांगितलास तर मला तोच दिसेल. आधी मी वाचतो, मग तू वाच."

चौदा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले आणि पहिल्यांदाच मी उलट बोलले नाही.

"दोन. मग हे. मग एक, चार," ते म्हणाले. "हे मधलं प सारखं दिसतंय. आकड्यांत प कशाला येईल?" तिथेही फुली. मग इकडेतिकडे पाहून ते ऑफिसच्या दाराशी गेले. दारावर गुजराती कॅलेंडर होतं. चार आणि सहाच्या मधल्या चौकटीत तेच प सारखं बसलं होतं. "पाच. दोन पाच एक चार. आता तू."

मी शिशी फिरवली. बारीक इंग्रजी आकडे. दोन, पाच, एक, चार.

बाराचा गजर वाजला. मी तो बंद केला आणि कागदाखाली दिलेल्या नंबरावर फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज.

"चला ना आता, निघू या," मी म्हणाले.

"अजून दोन ओळी आहेत," अण्णा म्हणाले. "त्यांत काय करायचं ते असेल. शब्द लागतायत, पण मला अर्थ येत नाही, आणि अर्थ माझ्या पदरचा घालणार नाही. इथे घरी गुजराती बोलणारं कोण आहे?"

जिना पुसत असलेल्या मावशी होत्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, पण घरची भाषा तीच, आणि आमच्यासारख्यांत राहून आपलं मराठीही बोलायच्या. "मला वाचता नाय येत," त्या लाजून म्हणाल्या.

"वाचायला मी आहे," अण्णा म्हणाले. "मला कळत नाही, तुम्हाला वाचता येत नाही. झालं की एक माणूस पुरं."

मग ते ठणठणीत आवाजात वाचू लागले, छापखान्यात एक जण मूळ मजकूर वाचतो आणि दुसरा प्रूफ तपासतो तसं. "जेमने आ शीशी मळी होय…"

"ज्यांना ही शिशी मिळाली असेल," मावशी म्हणाल्या.

"तेमणे ते… इथे दोन अक्षरं आहेत सारखीच दिसणारी, एकाला शेपूट जास्त. केंकी? फेंकी?"

"फेंकी! फेंकी न देतां. टाकून देऊ नका."

"दवाबारीए पाछी आपवी, नवी शीशी लेवी."

"औषधाच्या खिडकीत परत द्या, नवी शिशी घ्या." मावशींनी फडकं खाली ठेवलं होतं. "पुढं वाचा."

पुढच्या ओळीचा अर्थ मला मावशींच्या आधी कळला. "जेमनी आंख लाल होय अथवा दु… दुखती होय, तेमणे तरत डॉक्टरने…" पुढचं मी ऐकलंच नाही. सकाळी नऊला आई मला काय म्हणाल्या होत्या? आणि मी काय म्हणाले होते?

मी खोलीत धावले. आईंची पट्टी उचलली. डोळा लालभडक झाला होता.

"का नाही हो पुन्हा सांगितलंत?" मी ओरडलेच.

"तू म्हणालीस ना, चरचरणारच," आई म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका दारात उभे होते, चेहरा पांढराफटक. "मी हिला बाराचे थेंब आधीच घातले," ते म्हणाले. "तुम्ही बाहेर यायच्या आधी, कागद वाचून लगेच." अण्णा त्यांना एक शब्दही लावून बोलले नाहीत. "वहिनींना घ्या, शिशी घ्या, फाईल घ्या. चला," एवढंच म्हणाले. मावशींनी रिक्षा थांबवली आणि त्या स्वतः वरच्या मजल्यांवर दारं ठोठावत गेल्या.

दवाखान्यात तातडीच्या खिडकीवर रांग लागलेली होती, पण सगळी गुजराती मंडळी. गुजराती न येणारी आमची दोनच घरं. डॉक्टरीणबाईंनी आईंचा डोळा तपासला, धुतला, दुसरं औषध सुरू केलं आणि तिथेच ठेवून घेतलं. शिशीत जंतू निघाले होते. "एकच थेंब गेलाय, हे नशीब समजा," त्या म्हणाल्या. "आणखी दोन-तीन वेळा गेलं असतं तर मी काही सांगू शकले नसते." दुसऱ्या भाषांतले कागद सोमवारी लागणार होते. कारकून सुटीवर होता म्हणे. त्या कारकुनाच्या नावाने मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकांच्या पत्नीलाही ठेवून घेतलं. तिचा डोळा मंगळवारी निवळला.

आईंचा मात्र निवळेना. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. पट्टी काढली की त्यांना नुसता उजेड दिसायचा. या तीन दिवसांत मी अण्णांशी नीट बोलू शकले नाही. बुधवारी दुपारी, बाकड्यावर डबा उघडताना, शेवटी म्हणाले, "अण्णा, तुम्ही नसतात तर मी तो बाराचा थेंब घातला असता. वर चारचाही घातला असता. तुमच्या वाचण्यावर मी इतकी वर्षं चिडले, मला माफ करा."

"अगं, तू चिडतेस म्हणून तर घर वेळेवर चालतं," ते म्हणाले आणि त्यांनी मला पोळी वाढली.

गुरुवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पट्टी काढली. आईंनी दोनदा डोळा मिटला, उघडला. "आजी, किती बोटं?" बाईंनी विचारलं. आईंनी त्यांच्या बोटांकडे ओझरतंच पाहिलं. त्या बाईंच्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या, जिथे अण्णा भिंतीवरच्या गुजराती तक्त्यासमोर आमच्याकडे पाठ करून उभे होते.

"तीन बोटं," आई म्हणाल्या. "आणि अहो, तुमच्या सदऱ्याची कॉलर मागून उसवलीय. सूनबाई शिवणारी असून असे फिरता होय?"

अण्णा वळले. तक्ता अर्धाच वाचून झाला होता, पण उरलेला त्यांनी तसाच सोडला.