आखूड तो मोठा

डेलिथ पार्फिटबाईंची शिकवणी कॉरिडॉरमध्ये, कोट टांगायच्या खुंट्यांखाली भरायची. गणितात मागे पडलेल्या पोरांना वर्गाबाहेर बसवायचं, ही वेल्समधल्या लानेली गावच्या त्या शाळेची रीत. बाकीची पोरं एकेक करून परत गेली आणि टेगन एकटी उरली. नऊ वर्षांची, तोंडाने फटकळ, आणि वर्गात मैत्रिणींपाशी जायला नुसती आसुसलेली.

तिची चूक नेहमीचीच. ०.५ पेक्षा ०.४५ मोठा, कारण पाचापेक्षा पंचेचाळीस मोठे. आकडा जितका लांब तितका मोठा. बाईंनी त्यावर आठवडेच्या आठवडे डोकेफोड केली होती. आज चाचणी घेतली, तर टेगनने दहाच्या दहा जोड्या बरोबर सोडवल्या. बाई हरखल्या. तडक आत जाऊन वर्गशिक्षकांना सांगून आल्या, सोमवारपासून पोरगी तुमची. टेगनने दारातूनच मैत्रिणीला शेजारची खुर्ची धरून ठेवायला सांगितलं.

मग बाईंनी सहज विचारलं, "०.३ आणि ०.४५ मध्ये मोठा कोणता गं?"

"०.३," टेगन म्हणाली. "सोपंय, मिस. आखूड असतो तो मोठा."

बाईंनी चाचणीचा कागद पुन्हा पाहिला. ०.७ आणि ०.६२. ०.९ आणि ०.८५. दहाही जोड्यांत आखूड आकडाच मोठा होता. लांबवाली चूक पकडायच्या नादात त्यांनी दुसऱ्या तऱ्हेची एकही जोडी घातली नव्हती. स्वतःच्या अकलेची त्यांना भयंकर चीड आली.

त्यांनी शंभर घरांची चौकट पुढे ओढली. टेगनने ०.३ साठी तीन उभ्या रांगा रंगवल्या. दुसऱ्या चौकटीत ०.४५ साठी चार रांगा आणि वर पाच घरं. एकही घर चुकलं नाही.

"आता सांग, जास्त कुठे रंगलंय?"

"इकडे. ०.४५ मध्ये."

"मग मोठा कोणता?"

"चौकटीत ०.४५. कागदावर ०.३."

बाईंनी ०.३ पुढे शून्य लिहिलं. "हे ०.३०. तीस घरं आणि पंचेचाळीस घरं. आता?"

"आता ०.४५ मोठा," टेगन म्हणाली. "तुम्ही शून्य लावून त्याला लांब केलंत ना, म्हणून तो लहान झाला."

एवढ्या वर्षांच्या मास्तरकीत बाईंचा असा धीर सुटला नव्हता. जे दाखवावं ते त्या नियमाच्या पोटात जात होतं, आणि तो नियम त्यांनीच दहा वेळा बरोबरची खूण करून पक्का केला होता.

"टेगन, सोमवारी नको जाऊस," त्या कशाबशा म्हणाल्या. "अजून थोडे दिवस बस माझ्यापाशी."

पोरीचा चेहरा पडला. "पण खुर्ची धरून ठेवायला सांगितलंय मी. आणि दहाच्या दहा बरोबर होते ना, मिस?"

"होते गं," बाई म्हणाल्या.

"मग?"

बाईंनी कोरा कागद पुढे ओढला आणि पहिलीच जोडी लिहिली, ०.६ आणि ०.७२.