लिफ्टच्या उशिराचं तिसरं पत्र

लिफ्ट बसवणाऱ्या त्या कंपनीत एकूण अकरा माणसं होती. दहा जण मिळून लिफ्टला उशीर करत आणि अकरावी त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करत असे. या अकराव्या बाईंना ऑफिसात दिलगिरीबाई म्हणत. एकोणीस वर्षं त्या ग्राहकांना उशिराची पत्रं लिहीत होत्या. पत्र कसं असावं हे साहेबांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. कारण असं द्यायचं, की त्यात आपला दोष नाही आणि ग्राहकाचाही नाही. नवी तारीख बरोबर चार आठवड्यांनंतरची, आणि वार शुक्रवार. शुक्रवारी काम झालं नाही तरी ग्राहकाचा फोन सोमवारी येतो, मधले दोन दिवस आपले. दिलगिरी एकदाच, शेवटच्या ओळीत.

"आणि खरंच अकरा आठवडे लागणार असतील तर?" बाईंनी तेव्हा विचारलं होतं. तेव्हा त्या नवीन होत्या.

"तर चार, चार आणि तीन," साहेब म्हणाले होते. "चार आठवडे माणूस सोसतो. अकरा म्हटलं की वकील गाठतो."

आता गाठ पडली होती ती खरोखरच अकरा आठवड्यांशी. चार मजल्यांची एक जुनी इमारत होती. जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत लिफ्ट बसवायची होती. अशा जुन्या जागेत वरून खालपर्यंत तारा सोडायच्या, त्यांना वजनं बांधायची आणि प्रत्येक मजल्यावर भिंत तारेपासून किती दूर आहे ते मोजायचं, असा रिवाज आहे. जिथे जागा सगळ्यात कमी, ते माप खरं. कंपनीचा माप घेणारा माणूस उंच, बारीक आणि अबोल होता, म्हणून त्याला ओळंबा म्हणत. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर कुणाचं तरी कपाट जिन्यात आडवं उभं होतं. ओळंब्याने कपाटाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि तिसऱ्या मजल्यापुढे दुसऱ्या मजल्याचाच आकडा लिहून टाकला.

तिसऱ्या मजल्यावर एक तुळई बेचाळीस मिलिमीटर पुढे आली होती. म्हणजे जेमतेम दोन बोटं. पण लिफ्टचा पाळणा, म्हणजे माणसं उभी राहतात तो डबा, अडायला दोन बोटंही पुरतात. पाळणा कारखान्यातून तयार होऊन आला आणि त्याचे रूळ बसवताना तिसऱ्या मजल्यावर सगळं अडलं.

तोवर एक पत्र गेलंच होतं, चार आठवड्यांचं. बटणांची पेटी वेळेवर आली नव्हती, आणि ते खरंही होतं. मग दुसरं गेलं: "तांत्रिक जुळणीच्या कामामुळे." तांत्रिक जुळणी म्हणजे तुळई थोडी तासून मिळते का, याची साहेबांना लागलेली आशा. ती फळली तरी चार आठवड्यांत काम होणार नाही, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. इमारतीचा इंजिनियर येऊन गेला. तुळईवर अख्खा जिना उभा आहे, हात लावायचा नाही, असं म्हणाला. पाळणा नव्याने, अरुंद करून बनवायला हवा. कारखान्याची रांग सात आठवड्यांची, बसवायला तीन, आणि सरकारी तपासनीस येऊन दाखला देईपर्यंत आणखी एक.

"तिसरं पत्र लिहा," साहेब म्हणाले. "कारखान्याकडून पुरवठ्यात विलंब. चार आठवडे. शुक्रवार."

"साहेब, ते काका..."

"कोणते काका?"

"इमारतीच्या समितीचे चिटणीस. त्यांची बायको पुनर्वसन केंद्रात आहे. कंबरेचं हाड मोडलंय. लिफ्ट झाल्याशिवाय घरी येता येत नाही. केंद्रातली खाट या महिनाअखेरपर्यंतच आहे."

"मग?"

"मग त्यांना शहराबाहेरच्या शुश्रूषागृहात हलवणार. दोन बस बदलून जावं लागतं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मनाने वाईट नव्हते ते. "बाई," ते म्हणाले, "खरं सांगितलं तर लिफ्ट लवकर होणार आहे का?"

बाई जागेवर जाऊन बसल्या.

काकांचा त्रास असा होता, की ते पत्रांना उत्तरं पाठवत. एकोणीस वर्षांत बाईंच्या दिलगिरीला शिव्या आल्या होत्या, वकिलांच्या नोटिसा आल्या होत्या, एकदा तर पत्राचे तुकडेच परत आले होते. पण या माणसाने पहिल्या पत्रानंतर लिहिलं होतं, "वेळेवर कळवल्याबद्दल आभारी आहे. पत्नीस तारीख सांगितली. तिने खोलीतल्या भिंतीवर लिहून ठेवली आहे." दुसऱ्या पत्रानंतरही आभार होते. फक्त भिंतीचा उल्लेख नव्हता.

बाईंनी तिसरं पत्र लिहिलं. कारण लिहिलं: आमच्या माणसाने तिसऱ्या मजल्याचं माप न घेता आकडा भरला, आणि आम्ही तो तपासला नाही. तारीख लिहिली: आजपासून अकरा आठवडे, वार बुधवार. मागच्या पत्रातली तारीख पाळता येणार नाही याची ते पत्र लिहिताना आम्हाला कल्पना होती, असंही लिहिलं. मग दिलगिरीची ओळ आली आणि तिथे त्या अडल्या. आजवर हजारभर वेळा लिहिलेलं वाक्य त्यांना जमेना. शेवटी नुसतं लिहिलं, "आमचं चुकलं."

साहेबांनी न वाचता सही केली. एकोणीस वर्षांचा विश्वास होता तो.

टपालाने तीन दिवस लागले असते. बाईंनी दुपारच्या सुट्टीत बस पकडली. बाहत्तर पायऱ्या चढताना तिसऱ्या मजल्यावर त्यांनी ती तुळई पाहिली. अगदी सभ्य, पांढरा रंग दिलेली तुळई होती.

काकांनी दार उघडलं. बारीक अंगाचे, इस्त्रीचा सदरा घातलेले. "तुम्ही लिफ्टवाल्या! या, या. दम खा आधी. आमच्याकडे येणारा माणूस पहिली पाच मिनिटं काही बोलत नाही, आम्हाला सवय आहे."

खोलीत खुर्च्या भिंतीला सारून मधून वाट मोकळी केली होती. चाकाची खुर्ची वळेल एवढी. उंबरा काढून टाकलेला होता. न्हाणीघराच्या भिंतीला नवा दांडा ठोकला होता.

बाईंनी पाकीट पुढे केलं. काका उभ्यानेच वाचू लागले. मग बसले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"अकरा," ते म्हणाले.

"हो."

"यात लिहिलंय की मागच्या वेळी तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं."

काकांनी पत्राची घडी घातली. "मी बस डेपोत होतो, वेळापत्रकाच्या टेबलावर," ते म्हणाले. "गाडी बंद पडली की आम्ही फळ्यावर लिहायचो, दहा मिनिटं उशीर. दहा मिनिटांनी पुसून पुन्हा दहा. एक तास म्हटलं तर लोक आरडाओरडा करतात ना. दहा म्हटलं की बसून राहतात बिचारे." ते थोडं हसले. "छान बसवलंत हो तुम्ही आम्हाला."

"काका, मी..."

"समोरच्या इमारतीत तळमजल्यावर जागा मिळत होती. सहा महिन्यांसाठी. तुमचं पहिलं पत्र आलं, म्हटलं चार आठवड्यांसाठी बिऱ्हाड कशाला हलवायचं? नको म्हणून सांगितलं. दुसरं आलं तेव्हाही ती रिकामीच होती. म्हटलं, आता तर काय, चारच आठवडे." त्यांनी खिडकीकडे मान वळवली. समोर तळमजल्यावर कुणाचे तरी कपडे वाळत होते.

बाईंना कंपनीतर्फे काही बोलायचं होतं. कंपनीकडे अशा प्रसंगाचं वाक्य नव्हतं.

"नवीन पाळण्यात चाकाची खुर्ची मावेल ना?" काकांनी विचारलं.

"मावेल. दोन्हीकडे दोन दोन बोटं राहतील."

"पुष्कळ झाली." मग ते हळूच म्हणाले, "तिने व्यायाम सोडलाय. तारीख पुढे गेली तेव्हापासून. भिंतीकडे तोंड करून पडते. डॉक्टर म्हणतात, अशीच पडून राहिली तर लिफ्ट आली काय आणि न आली काय."

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी आकडा पाहिला आणि बाईंना हाताने बसून राहायची खूण केली.

"हं, बोल गं. जेवलीस? ... अर्धीच? ... बरं ऐक, लिफ्टवाल्यांचं पत्र आलंय. आत्ताच. त्यांच्या बाई स्वतः घेऊन आल्यात... हो, वाचतो ना."

त्यांनी चष्मा लावला, घडी उलगडली आणि पत्र डोळ्यांसमोर धरलं.

"महोदय. आपल्या इमारतीतील लिफ्टच्या कामास कारखान्याकडून पुरवठ्यात झालेल्या विलंबामुळे थोडा अधिक कालावधी लागत आहे." स्वर स्वच्छ होता. एक शब्द अडखळला नाही. दोन पत्रं त्यांना पाठ झाली असावीत, आणि तिसरं काकांनी त्या दोन्हींच्याच कापडातून बेतलं होतं. "तरी सदर काम पुढील चार आठवड्यांत, शुक्रवारपर्यंत, निश्चितपणे पूर्ण होईल. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

बाई मांडीवर हात ठेवून स्वतःची वाक्यं ऐकत होत्या. दुसऱ्याच्या तोंडून ती चांगली वाटत होती. विश्वास बसावा अशी.

पलीकडून काही विचारलं गेलं.

"निश्चितपणेच लिहिलंय गं. माझ्या डोळ्यांसमोर आहे कागद... हो, शुक्रवार... अगं खाट ना, ती मी बघतो. थोडे दिवस दुसरीकडे. थोडेच... काय? ... आज? बोलाव की मग त्या व्यायामवाल्या मुलीला. दहा पावलं चाल. नाही, पाचच चाल... बरं. बरं. ठेवतो."

त्यांनी फोन ठेवला. चष्मा काढला. पत्राची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"उठून बसते म्हणाली."

"काका, चार आठवड्यांनी काय होईल?"

"चार आठवड्यांनी?" काका म्हणाले. "चार आठवड्यांनी मला तुमचं आणखी एक पत्र लागेल. जुन्या पद्धतीचं. कंपनीच्या कागदावर, शिक्क्यासकट. तेव्हा ती हातात घेऊन बघायला मागेल, मला नुसतं वाचून भागणार नाही."

बाईंना नाही म्हणायचं होतं. त्याचसाठी त्या बाहत्तर पायऱ्या चढून आल्या होत्या.

"कारण काय घालू?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्हाला जास्त कळतं," काका म्हणाले, आणि त्यांना दारापर्यंत सोडायला उठले.