चार सेकंदांची झोप

हॉस्पिटलात त्याला सगळे फिल्मवाला म्हणत. प्रसिद्धी विभागाच्या पाटीखाली त्याची खोली होती. पाटी खोलीपेक्षा मोठी वाटावी इतकी ती खोली लहान. एका भिंतीला जुन्या एक्स-रेंचं कपाट, दुसऱ्या भिंतीला त्याचा संगणक आणि खिडकी उघडली की धुलाईघराची वाफ थेट तोंडावर.

कॅमेरा घेऊन वॉर्डावॉर्डांतून फिरायचे दिवस आता गेले होते. एक चित्र द्यायचं, त्यात काय घडायला हवं ते दोन-चार वाक्यांत लिहायचं, की यंत्र त्याची फिल्म करून द्यायचं. फुकट नाही अर्थात. महिन्याचे क्रेडिट ठरलेले, आणि जितके सेकंद जास्त, जितकं चित्र स्वच्छ, तितके ते भराभर संपायचे. म्हणून फिल्मवाल्यानं स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती. आधी कच्चं करायचं: चार सेकंद, चित्र धुरकट. माणूस नीट वळतो का, कोन जमतो का, एवढंच त्यात बघायचं. नाही जमलं तर वाक्य बदलून पुन्हा कच्चं. सगळं मनासारखं झालं की मगच पक्कं, आठ सेकंद आणि लख्ख. या शिस्तीचा त्याला जरा गर्वच होता.

दुसरी शिस्त त्याला ठेच लागून आली होती. एकदा संचालकसाहेबांना त्यानं कच्चं दाखवलं. साहेबांनी स्वतःचा धुरकट चेहरा बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "हा मी आहे की उतू चाललेलं दूध?" त्या दिवसापासून कच्चं वरच्या लोकांना दाखवायचं नाही, हे त्यानं कानाला खडा लावून ठरवलं.

या महिन्यात त्याच साहेबांच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनानं बहुतेक क्रेडिट गिळले होते. एक पक्की फिल्म आणि थोडी कच्ची कामं निघतील, एवढेच उरले होते. ते त्यानं भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंच्या कामासाठी राखून ठेवले. बाईंना ऑपरेशनला येणाऱ्या मुलांसाठी छोटीशी फिल्म हवी होती. "मुलं सुईपेक्षा मास्कला जास्त घाबरतात," त्या म्हणाल्या होत्या. "मास्क लावला की शांत झोप लागते, एवढं दिसू दे." कामाला घाई नव्हती, पण फिल्मवाल्याला होती. त्याच्या ताईच्या मुलीचं, सहा वर्षांच्या बिट्टीचं, टॉन्सिलचं ऑपरेशन गुरुवारी होतं आणि भूल याच बाई देणार होत्या.

मंगळवारी संध्याकाळी तो ताईकडे गेला. मास्कचं कच्चं काम फोनवर होतं आणि अगदी झकास जमलं होतं. पलंगावर एक मुलगी, हिरव्या टोपीतल्या बाई तिच्या तोंडावर मास्क धरतात, मुलगी एक लांब श्वास घेते, डोळे मिटते. चार सेकंद. बिट्टी काही वरच्या लोकांत मोडत नव्हती, तेव्हा तिला दाखवायला काय हरकत?

"बघ, तुझ्यासारखीच मुलगी आहे," तो म्हणाला.

"हिला नाक नाहीये."

"नाक नंतर येईल. हे कच्चं आहे."

नाक नंतर कसं येतं हे बिट्टीला कळलं नाही, पण तिनं फोन घेतला आणि ती कोपऱ्यात जाऊन बसली. फिल्म संपली की आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होती. तो आणि ताई स्वयंपाकघरात चहा पीत बसले, भावोजींच्या बदलीचं बोलले, ताईच्या दातांच्या डॉक्टरला नावं ठेवून झाली. निघताना त्यानं फोन मागून घेतला. बिट्टीनं काही न बोलता दिला. पोर कशी शहाण्यासारखी वागली, असं ताईला सांगून तो खुशीत घरी गेला.

बुधवारी सकाळी तो खोलीचं कुलूप उघडत होता तेवढ्यात ताईचा फोन आला.

"काय दाखवलंस रे तिला?" ताईचा आवाज बसला होता. "रात्रभर झोपली नाही. डोळा लागला की दचकून उठते आणि स्वतःला चिमटे काढते. उद्या मी जाणार नाही म्हणते. जायचं राहू दे, झोपणारच नाही म्हणते, कधीच."

"अगं, फिल्ममध्ये तर ती मुलगी शांतपणे…"

"मला नको सांगूस. ये आणि तिला विचार."

तो तसाच लॅपटॉप काखोटीला मारून निघाला.

बिट्टी जेवणाच्या टेबलाखाली बसली होती. डोळे लाल, दंडावर चिमट्यांचे डाग. तो वाकला, मग टेबलाखालीच शिरून तिच्या शेजारी बसला. एवढ्या मोठ्या माणसाला तिथं मावताना पाहून एरवी ती खिदळली असती.

"ती उठतच नाही," बिट्टी म्हणाली.

"कोण?"

"फिल्ममधली. मी कितीतरी वेळ थांबले. ती झोपते आणि पुन्हा तिला मास्क लावतात. परत झोपते. परत लावतात. मी म्हटलं आता उठेल. उठलीच नाही."

चार सेकंद हे फिल्मवाल्यासाठी माप होतं, कपडा शिवण्याआधी टेपनं घेतो तसलं. या पोरीनं तेवढीच पूर्ण गोष्ट मानली होती. आणि गोष्टीत एक मुलगी पुन्हा पुन्हा झोपवली जात होती आणि कुणीही तिला उठवत नव्हतं. तो चहा पीत भावोजींच्या बदलीचं बोलत होता तेव्हा हिनं कोपऱ्यात बसून तिच्या उठण्याची वाट पाहिली होती. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"उठते ती," तो म्हणाला. "मी ते केलंच नव्हतं. चुकलं माझं. चल, आत्ता करू. तू सांग कशी उठते."

त्यानं टेबलाखालीच लॅपटॉप उघडला. मास्कच्या फिल्मचं शेवटचं चित्र काढून घेतलं, त्यातला मास्क पुसला आणि ते नव्या फिल्मचं पहिलं चित्र म्हणून दिलं. लिहिलं: मुलगी हळूहळू डोळे उघडते. कच्चं, चार सेकंद. थोडा वेळ थांबल्यावर ती धुरकट मुलगी जागी झाली.

बिट्टीनं खूप जवळून पाहिलं. "आई कुठंय?"

खरंच, आई नव्हतीच. रिकाम्या खोलीत एकटं पोर जागं झालं होतं. त्यानं पहिल्या चित्रात एक आई बसवली आणि पुन्हा कच्चं केलं. या वेळी आई होती, पण दाराकडे बघत होती.

"तिला कळलंच नाही ही उठली ते," बिट्टी म्हणाली.

"आता ही आई अजिबात हलत नाही," तिसऱ्या वेळी ती म्हणाली, आणि चौथ्या वेळी आईचा हात पांघरुणातून आरपार गेला तेव्हा तिला पहिल्यांदा हसू आलं. संचालकसाहेबांपेक्षा ही गिऱ्हाईक बरी, त्याच्या मनात आलं. हिला काय हवंय ते तरी ठाऊक आहे. पाचव्या वेळी मुलीनं डोळे उघडले, मान उजवीकडे वळवली, आणि तिथं आई होती, तिच्याकडेच बघत.

पण चार सेकंदांच्या पुढचं अजून कुणीच पाहिलं नव्हतं, आणि पाचव्या सेकंदाला ही यंत्रं काय करतील ते सांगता येत नाही. म्हणून धुरकटच, पण पूर्ण आठ सेकंदांचं एक कच्चं त्यानं काढलं. आई वाकून मुलीच्या कपाळावर हात ठेवत होती. हात आरपार जात नव्हता.

आता उरलेल्या क्रेडिटमध्ये एकच पक्कं निघणार होतं. ते मास्कसाठी राखलेलं होतं; बाईंनी मागितलं होतं ते मास्कचंच. तो क्षणभरच थांबला आणि त्यानं उठण्याच्या फिल्मवर बटण दाबलं.

पक्कं कधी कच्च्याची हुबेहूब नक्कल नसतं. यंत्र सगळं नव्यानं काढतं, आणि तपशील भरता भरता काहीतरी बदलतंच. फिल्म आली तेव्हा मुलीला नाक होतं, पांघरुणाला सुरकुत्या होत्या आणि आईच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती, जी कुणी सांगितली नव्हती.

"ही आई दमलीय," बिट्टी म्हणाली. मग टेबलाबाहेर डोकावून आपल्या आईकडे पाहिलं. "तशीच असते. आता मी झोपू?"

दुपारी दोनपासून अंधार पडेपर्यंत ती झोपली.

संध्याकाळी त्यानं बाईंना दोन्ही दाखवलं, मास्कचं धुरकट आणि उठण्याचं लख्ख. जे घडलं तेही सांगितलं. बाईंनी लख्ख फिल्म दोनदा पाहिली आणि चष्मा काढला.

"हे कच्चं असताना मला का नाही दाखवलंत?"

"वरच्या लोकांना कच्चं दाखवत नाही, बाई. लोक धुरकट बघून नाराज होतात."

"अहो, मी सांगितलं असतं ना. शुद्धीवर येण्याच्या खोलीत आम्ही आईला आत सोडत नाही. मूल पूर्ण जागं झालं, वॉर्डात आणलं, की मग आई. आणि टॉन्सिलनंतर मूल असं उताणं नसतं, कुशीवर असतं."

कच्चं असतं कशासाठी, तर खर्च करण्याआधी जाणत्याला विचारता यावं म्हणून. ज्यांना दाखवायचं त्यांच्यापासून त्यानं ते लपवलं होतं आणि जिला दाखवायचं नाही तिच्या हातात देऊन चहा प्यायला गेला होता. आता बिट्टी उद्या डोळे उघडणार, उजवीकडे बघणार आणि तिथं सलाईनचा स्टँड असणार. तिला वाटेल, मामानं पुन्हा फसवलं.

"बदलता येईल?" बाईंनी विचारलं.

"क्रेडिट संपले. पुढच्या महिन्यात येतील. पण तिनं पाहिलंय, बाई. त्यावर विश्वास ठेवून झोपलीय ती."

बाईंनी पुन्हा फिल्म लावली. दमलेली आई वाकली, तिनं कपाळावर हात ठेवला. बाईंनी त्या थांबलेल्या चित्रावर बोट ठेवलं.

"आई कुठल्या बाजूला आहे? मुलीच्या उजव्या ना?"

"हो."

"आम्ही सवयीनं डाव्या कुशीवर वळवतो. उद्या उजव्या कुशीवर वळवू. तुमच्या ताईंना सांगा, गाऊन आणि टोपी घालावी लागेल. आणि रडायचं नाही." त्यांनी चष्मा लावला. "नियम माझाच आहे. बघू, एकदा मोडून काय होतं ते."

गुरुवारी सकाळी बिट्टीनं मास्क स्वतःच्या हातानं धरला, असं नंतर कळलं. फिल्मवाला बाहेरच्या बाकावर बसून होता. आतून ताईला बोलावणं आलं, गाऊन तिच्या पायांत अडकत होता, ती दाराआड गेली आणि दार मिटलं. त्यानंतर कितीतरी वेळ काहीच झालं नाही.

मग ताई बाहेर आली. टोपी वाकडी झाली होती, आणि रडायचं नाही म्हणून सांगितलेलं तिनं काही पाळलं नव्हतं.

"उठली का?" तो उभा राहिला.

"उठली. डोळे उघडले, मला पाहिलं." ताईनं बाहीनं नाक पुसलं. "आणि परत झोपली. आपणहून."