वरवर वाचायचं पान

योगिता वीस आशाताईंची गटप्रवर्तक होती. दर महिन्याच्या बैठकीआधी नव्या पुस्तिकेतला एक धडा सगळ्यांनी घरून वाचून यायचा, असं ठरलं होतं. येताना पुस्तिका सगळ्यांच्या पिशवीत असायची, वाचलेली मात्र दोघी-तिघींचीच. म्हणून या वेळी योगिताने ठरवलं, धड्याआधी हातात द्यायला एक कागद करू. काय शोधत वाचायचं, कोणते शब्द दिसले की थांबायचं आणि काय वरवर पाहिलं तरी चालेल, एवढंच त्यात लिहू.

धडा होता नवजात बाळाच्या गृहभेटींचा, सव्वीस पानांचा. दोन संध्याकाळी बसून तिने कागद तयार केला आणि नेकनूरजवळच्या उपकेंद्रात गटातल्या सगळ्यात जुन्या आशा, छबुबाई, यांना दाखवला.

छबुबाईंनी चष्मा चढवला. तीन पानं उलटली, चौथं पाहिलं.

"ताई, एकतीस प्रश्न? ह्यापरीस धडाच वाचते की मी!"

"मावशी, सगळं महत्त्वाचंच आहे."

"आसंल. पन सगळंच महत्त्वाचं, तर मंग कागद कशाला?"

योगिताला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. ती पुन्हा बसली. व्याख्या विचारणारे प्रश्न खोडले, चारच ठेवले, तेही कामाचे. बाळाला लगेच दवाखान्यात पाठवायचं, हे कोणत्या खुणांवरून ठरवाल? बाळ बाहेरगावी जन्मून इकडे आलं, तर पुढची भेट कधी? शब्द सहाच निवडले, 'कमी वजनाचं बाळ', 'छाती आत ओढणे', असे धड्यात पुन्हा पुन्हा येणारे. आणि वरवर पाहण्यासाठी दोन भाग काढले, योजनेचा इतिहास आणि शेवटचा 'नोंदी कशा भराव्यात'. नोंदी तर सगळ्या वर्षानुवर्षं भरत होत्या. एका बाजूला मावेल एवढा कागद झाला. तिने फोटो काढून ग्रुपवर टाकला, तेव्हा पहिला अंगठा छबुबाईंचाच आला.

चौथ्या दिवशी दुपारी मोहिनीचा फोन आला. मोहिनी गटातली सगळ्यात नवी आशा.

"ताई, उसतोडीवरून एक जोडपं आजच गावात आलंय. तिकडंच दवाखान्यात बाळंत झाली. बाळ आज बारा दिसांचं हाय. मी तिसऱ्या दिवसाची भेट म्हनून परवा जाऊ का?"

"कागदावर दुसरा प्रश्न हाच आहे ना?"

"हाय की. वरवरची सोडून बाकी सगळी पानं दोनदा वाचली. उत्तर काय सापडंना."

योगिताने पुस्तिका ओढली. भेटींचं पान, खुणांचं पान, कुठेच नव्हतं. शेवटी हात 'नोंदी'च्या भागावर गेला. तिथेच, तक्त्याखालच्या दुसऱ्या ओळीत होतं: दिवस जन्मापासून मोजावेत, गावात आल्यापासून नव्हे. तिच्याच प्रश्नाचं उत्तर तिनेच वरवर पाहायच्या यादीत टाकलं होतं.

"मोहिनी, चूक माझी आहे. परवा बाळ चौदा दिवसांचं होईल, म्हणजे ती चौदाव्या दिवसाची भेट. त्यानंतर एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जा. पण पहिल्या भेटी राहून गेल्यात, म्हणून परवाची वाट न बघता आजच बघून ये. वजन, ताप, श्वास, दूध ओढतंय का, सगळं."

"आन् परवा पुन्हा?"

"परवा पुन्हा. आज काही वावगं दिसलं तर लगेच फोन कर."

संध्याकाळी मोहिनीचा आवाज मोकळा होता. बाळ दोन किलो आठशे, ताप नाही, दूध चांगलं ओढत होतं. "लई रडकं हाय ताई, गल्ली डोक्यावर घेतली!"

योगिताने ग्रुपवर सरळ लिहिलं: 'नोंदी'चा भाग नीट वाचा, मी चुकीचं सांगितलं होतं. मग प्रत्येक प्रश्नापुढे उत्तराचं पान लिहायला बसली. सहाही शब्दांचे अर्थ कुठे आहेत तेही तपासलं. आता जिथे एकही उत्तर नाही, एकही शब्द नाही, तोच भाग यादीत उरला. इतिहासाचा. त्यापुढे तिने लिहिलं, 'फक्त मथळे आणि प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ.'

बैठकीला पंधराजणी वाचून आल्या होत्या. तिने धडा शिकवला नाही, चार प्रश्नच विचारले. खुणांच्या प्रश्नावर तर दोघींत जुंपली आणि छबुबाईंनी पान काढून दोघींसमोर धरलं.

"पुढच्या धड्याचा कागद कोन करनार?" योगिताने विचारलं, आणि आपल्या तोंडून 'कोन' निघाल्याचं ऐकून स्वतःच हसली.

"मी करते," मोहिनी म्हणाली. "पन मावशी, उत्तरं तुमी हुडकायची. ती सापडली, तरच कागद ग्रुपवर."

छबुबाईंनी चष्मा पुसला. "दे. पन प्रश्न चारच ठिव."