मयुरीची स्कूटी आणि धम्मदीपची किक

मित्रांनो, माझं बटण दाबून काही उपयोग नाही. ते कधीच बंद पडलं आहे. मी अमडापूरची एक म्हातारी स्कूटी. मला किक मारावी लागते, आणि तीही मनापासून!

कारखान्यातून आले तेव्हा माझा रंग असा झळकायचा की गल्लीतली पोरं माझ्या आरशात भांग पाडायची. आशाबाईंनी लेकीला, मयुरीला, कॉलेजसाठी मला घेतलं. आता मयुरी चिखलीला रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काम करते. माझं सीट फाटलं, आतला स्पंज बाहेर डोकावतो, पण रोजची फेरी चुकत नाही.

रोज सकाळी मला किक मारायचा तो समोरच्या घरातला धम्मदीप. बालवाडीपासूनचा मयुरीचा दोस्त. त्याचं औषधाचं दुकान चिखलीतच, म्हणून मागे बसून तोही यायचा. दोघांची बडबड ऐकत माझा रस्ता कसा सरायचा, कळायचंही नाही.

एका सकाळी त्याने किक मारली, मी सुरू झाले, पण तो मागे बसेना.

"मयुरी, मले तू आवडतेस. नुसती दोस्त म्हणून नाई."

मयुरी गोंधळली. मग हसली आणि म्हणाली, "थोडा वेळ दे न!" आणि झालं, दोघे निघाले. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यासाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा आणला. बिचारीला वाटलं, आपण नेहमीसारखं वागलो की त्याला वाईट वाटणार नाही. चुकलं ते इथेच.

कारण त्याच आठवड्यात धम्मदीपने माझ्या सीटला नवं लालचुटुक कव्हर घातलं. काय सांगू मित्रांनो, मी तर फुलूनच गेले! इतक्या वर्षांनी कुणी माझे लाड केले होते. मयुरीचा चेहरा मात्र उतरला.

संध्याकाळी तिची जयमालावहिनी माझ्या सीटवर हात फिरवत म्हणाली, "तुह्या मनात काय हाय?"

"तेच तं समजून नाई राह्यलं, वहिनी. नाई म्हटलं अन् दोस्ती तुटली तं?"

"मंग 'समजत नाई' हेच सांग ना त्याले. तू हसून भाकरी देतेस, तो हो समजून राह्यला. हे काऊन चालवून घेतेस?"

सकाळी धम्मदीप किक मारायला आला, तर मयुरीने किकवर पाय ठेवून त्याला अडवलं.

"थांब. आधी ऐक. तू बोलला याचं मले वाईट नाई वाटलं. पण माह्या मनात तसं हाय का नाई, मलेच ठाऊक नाई. हे 'हो' नाई. लाजून लपवलेलं 'हो' बी नाई. बुद्धपौर्णिमेच्या आत मी स्वतः येऊन सांगीन, अन् ते 'नाई' बी असू शकते. माह्यासाठी थांबून राहू नको."

"अन् तोवर?"

"तोवर सोबत जाणं नाई, डबा नाई. किक माही मी मारीन. नाईतर तुले उगाच आस लागते, अन् मले तुह्या उपकारापायी उत्तर द्यावं लागते. हे कव्हर बी घेऊन जाय."

धम्मदीपने माझ्या हँडलवरचा हात काढून घेतला. डोळे भरले होते त्याचे.

"मले बी थोडं दूर राहू दे मंग. मेसेज नाई केला तं राग मानू नको."

"नाई मानत."

त्याने कव्हर काढलं. माझा स्पंज पुन्हा उघडा पडला. राग आला मला मयुरीचा, खोटं कशाला बोलू? पण तिने भर गल्लीत घामाघूम होऊन किका मारल्या, आणि समोर एसटीची वाट बघणारा धम्मदीप हात खिशात घालून उभा राहिला, पुढे आला नाही. तेव्हा दोघांचाही मला अभिमान वाटला. त्या दिवसापासून मयुरी एकटीच चिखलीला जायची. कधी गुणगुणायची, कधी गप्प. त्याची आठवण यायची. पण ती दोस्ताची होती, हे तिला हळूहळू उमगलं.

पौर्णिमेची वाट न बघता ती त्याच्या दारात गेली. मी फाटकाशी होते.

"धम्मदीप, मले तू दोस्त म्हणूनच पाहिजे. तसं नाई रे माह्या मनात."

तो पायरीवर बसला. डोळे पुसले. मग म्हणाला, "साफ सांगितलं, बरं केलं. थोडे दिवस लागतील मले."

"घे न, लागतील तेवढे."

ती परत आली, किक मारली. मी सुरू होईना. पुन्हा मारली. खरंच सांगते, मी मुद्दाम करत नव्हते! फाटक वाजलं. धम्मदीपने तिला बाजूला सारलं आणि एकाच किकेत मला जागं केलं.

मित्रांनो, जुन्या गाडीला वेळेवर तेलपाणी करा आणि कुणाच्या मनाला नुसत्या हसण्यावर लटकवून ठेवू नका. बाकी काय सांगू? माझ्या फटफटाटावरून त्याचा आवाज ऐकू आला आणि मयुरी खळखळून हसली.

"ही दोस्ताची किक हाय, समजली का?"